धोंडिबाची तिथी

१८ जून. चकलांबा.

पोहोचलो एकदाचा. नगरपासून गाडीवाटेनं हाडं खिळखिळी झाली. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायानं ट्रंक उपसली. होकायंत्र हातात घेऊन म्हणाला, "ये क्या, घडी हाय?" म्हटलं हो, एका काट्याची. हसला आणि सोडलं.

वेशीत गोदा उभी. धोंडिबाची बायको. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या. मी मुंबईहून वीसेक दिवसांपूर्वी पत्र टाकलं होतं की धोंडिबा समुद्रात गेला. पत्र पोचलंय, सगळ्या गावाला ठाऊक आहे, तरी ती कुंकू लावून उभी. एवढंच म्हणाली, "आलात का भाऊ." मी हो म्हटलं आणि गाडीवानाला उगाचच ओरडलो, बैल हळू का चालवतोस म्हणून.

माझी बायको म्हणते, गावात तिच्या कुंकवावरनं रोज काहीतरी निघतं. मी म्हटलं, मला आज काही सांगू नको.

१९ जून.

सकाळीच आबा आले, धोंडिबाचे वडील. सत्तरी गाठली असेल. बरोबर जोशीबुवा, काखेत पंचांग. आबा खाटेवर बसेनात, जमिनीवरच बसले. "मारती, पोरगं माझ्या सपनात येतंय. अंगावरचं धडुतं वलं. काय बोलत न्हाई, नुसतं हुबं ऱ्हातंय. त्येला मोकळं करा."

जोशीबुवांनी शास्त्र सांगितलं. प्रेत मिळालं नाही, माणूस बेपत्ता, तर बारा वर्षं वाट पाहायची. त्याआधी क्रिया करायची असेल तर मरताना पाहणारा कुणीतरी पाहिजे. तो साक्ष देईल, तिथी सांगेल. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, तीनशे साठ पानांचा, त्याला अग्नी द्यायचा आणि पुढं दरसाल त्याच तिथीला श्राद्ध.

"तर कप्तानसाहेब," बुवा म्हणाले, "आपण होतात. तारीख सव्वीस मे. त्या दिवशी नवमी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपते, पुढं दशमी. नवमीला गेला का दशमीला?"

मी म्हटलं, जहाजाच्या वहीत वेळ लिहिलेली असते. पाहून सांगतो.

जहाजाची वही! आबांनी हात जोडले त्या शब्दाला.

२० जून.

वहीचा उतारा ट्रंकेत तळाशी होता. बंदर कचेरीतल्या कारकुनानं इंग्रजीचं मराठी सांगत मला खुर्चीवर बसून करू दिला, कारण मला पंधरा जुलैपर्यंत लेखी जबानी द्यायची आहे. मृत्यू झाला की द्यावीच लागते. खरी वही कचेरीत जमा.

आज पहिलं पान काढलं. उतारा हा असा:

"२५ मे. सं. ६.०० मंगळूरहून मुंबईस. माल कौलं. मार्ग वायव्य-उत्तर. वारा आग्नेय, मंद. पारा २९.७४. सर्व ठीक."

खाली माझी सही. मूळ मजकूर मेट दळवीच्या हातचा, इंग्रजीत. मेट म्हणजे माझ्याखालचा पहिला माणूस. 'सुभद्रा'वर वही तोच लिहायचा, मी सही करायचा. कुठल्याही जहाजावर बहुधा तसंच असतं. पण दुसऱ्या कप्तानाला वाचता येतं आपण काय सही करतोय ते. मला आकडे येतात, दिशा येतात, ठरलेली वाक्यं येतात. बाकी इंग्रजी म्हणजे मुंगळ्यांची रांग. बाराव्या वर्षी घोडेवाल्यांबरोबर पळालो इथून. खलाशी झालो, तांडेल झालो, सारंग झालो, पस्तिशीत परीक्षा देऊन किनाऱ्यावरच्या जहाजांची मास्तरकी, म्हणजे कप्तानकी, मिळवली. परीक्षा तोंडी होती आणि नकाशावर होती. शुद्धलेखन कुणी विचारलं नाही.

सुकाणूच्या खोलीत दगडी पाटी टांगलेली असते. दर तासाला पहाऱ्यावरचा माणूस खडूनं लिहितो: मार्ग कोणता, वारा कुठला, पारा (म्हणजे हवेचा दाब) किती, मैल किती. मैल मोजायला मागं लांब दोरीला पितळी फिरकी सोडलेली असते, ती पाण्यात फिरते आणि कठड्यावरच्या तबकडीवर आकडा चढतो. दुपारी बाराला मेट पाटीवरचं सगळं वहीत उतरवतो आणि ओल्या फडक्यानं पाटी पुसतो. वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करायची, जुनं दिसलं पाहिजे. पाटीवर मात्र काहीच राहत नाही.

मंगळूरलाच सुरू झालं होतं. नांगर उचलायचा हुकूम मी दिला. सारंगानं, खलाशांच्या मुकादमानं, दळवीकडं पाहिलं, दळवीनं मान हलवली, मग नांगर उचलला. एवढीशी गोष्ट. चहावाला आधी त्याला कप द्यायला लागला होता. सुकाणूवरचा माणूस बदलला की नव्यानं मार्ग मोठ्यानं कप्तानाला सांगायचा असतो. ते दळवीला सांगू लागले होते, मी शेजारी उभा असताना. सगळे त्याच्या बाजूच्या गावांतले. मला मागं 'घाटी कप्तान' म्हणत. एकदा ऐकू आलं, "ह्याच्या मुलखात विहिरीलाही पाणी नाही, आणि हा समुद्र शिकवतो." खोटं काय बोलले म्हणा.

एकटा धोंडिबा माझा. आठ वर्षांपूर्वी मीच त्याला नेलं. सुकाणूवर त्याच्यासारखा हात नव्हता. तो मार्ग सांगायचा तो मला सांगायचा, तोही चकलांब्याला ऐकू जाईल असा.

२२ जून.

काल लिहिलं नाही. उन्हात शेतावर जाऊन आलो. पेरणी अडकलीय, लोक आभाळाकडं बघतायत. मला आभाळाकडं बघायची भीती वाटते.

आज दुसरं पान.

"२६ मे. स. १०.०० कारवार पूर्वेस ९ मैल. पारा २९.७६. मोठी लाट नैर्ऋत्येकडून. मास्तरच्या हुकुमावरून मार्ग कायम."

ह्या एका ओळीत दोन लबाड्या.

पारा २९.७६ नव्हता. २९.६६ होता. मी स्वतः वाचला, धोंडिबानं पाटीवर लिहिला. आपल्या समुद्रावर पाऱ्याची एक रोजची सवय आहे: पहाटे चारला खाली, सकाळी दहाला वर, दुपारी चारला परत खाली, रात्री दहाला वर. घड्याळासारखा चढतो उतरतो. हवा कितीही वाईट दिसो, पारा दहाला चढला तर निभेल. दहाला तो चढला नाही, उलट आणखी उतरला, तर कुठंतरी वादळ बसलंय. वारा नसताना नैर्ऋत्येकडून ती लांब लाट येत होती तिचंही उत्तर तेच. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, एका म्हाताऱ्या तांडेलानं थोबाडीत मारून शिकवलं.

मी म्हणालो, "कारवारात शिरू. खाडीत नांगर टाकू, दोन दिवस थांबू."

दळवी हसला नाही, आवाजही चढवला नाही. तीच त्याची तऱ्हा. "मास्तर, पाऊस लागायच्या आधीची शेवटची फेरी आहे. थांबलो तर मालक विचारतील. लेखी हुकूम देता का? वहीत आपल्या हातानं लिहा, कारवारला का शिरलो ते. मी सही करतो."

माझ्या हातानं! सगळे ऐकत होते. धोंडिबा सुकाणूवर होता, मान न वळवता पुढं बघत. त्या वेळी मराठीत लिहिलं असतं तरी चाललं असतं. मोडीत लिहिलं असतं तरी चाललं असतं. वाईट हवेला आसरा घ्यायचा हक्क कप्तानाचा, त्याला मालकाची परवानगी लागत नाही. मला लाज वाटली. लाजेपायी मी म्हणालो, "बघू. तासभर बघू."

तासाभरात कारवार मागं गेलं. बाराला पाटी पुसली. पारा दहा ठिपक्यांनी वर चढला आणि मार्ग माझ्या हुकुमावरून कायम झाला.

२३ जून.

शेजाऱ्याची मोट चालू आहे. बैलांच्या गळ्यात घंटा. ती थांबते, मग दोनदा वाजते. घाम फुटला मला. बायकोला सांगितलं, त्यांना म्हणावं घंटा काढा. ती म्हणाली, "अवं, बैलाच्या घंटीला कावून भेता?"

आबा वेशीपाशी बसून होते. मी मागच्या वाटेनं घरी आलो. ह्या वयात शेणाच्या उकिरड्यातून.

२४ जून.

लिहून टाकतो. उतारा:

"दु. ३.४०. आग्वादचा दीपस्तंभ पूर्वेस १२ मैल. वारा नैर्ऋत्य, जोराचा. समुद्र खवळलेला. पारा २९.५२. सुकाणी धोंडिबा पुढच्या मालखान्याच्या झाकणावर काम करताना लाटेनं समुद्रात. इंजिन बंद. गोल टाकला. बोट सोडून शोध केला, सव्वा तास. मिळाला नाही. ५.०० मार्ग पूर्ववत."

खाली दळवीची सही, खाली माझी. मृत्यूच्या नोंदीला दोघांची लागते.

खरं ते असं. माणूस पाण्यात पडला की तीन गोष्टी एकदम करायच्या. इंजिन बंद, म्हणजे पंख्यात सापडू नये. ज्या बाजूला पडला त्या बाजूला सुकाणू पूर्ण, म्हणजे जहाजाचा मागचा भाग त्याच्यापासून दूर जातो. आणि एक माणूस कठड्यावर उभा करायचा, त्यानं पडलेल्याकडं बोट दाखवत राहायचं, डोळा काढायचा नाही. लाटांत डोकं नारळाएवढं दिसतं. एकदा नजर हलली की गेलं.

तो उजवीकडं पडला. मी यंत्राचा दांडा ओढला. ब्रिजवर पितळेचं यंत्र असतं, दांडा फिरवला की खाली इंजिनात घंटा वाजते आणि काटा हुकुमावर जातो, खालून तसंच उत्तर येतं. 'बंद'. घंटा वाजली. खालून उत्तर आलं. इंजिन थांबलं. जहाजाची थरथर थांबली की फार शांत वाटतं, वादळातसुद्धा.

मी गोल, म्हणजे बुचाचं तरंगतं कडं, फेकला. त्याच्यापासून वीसेक हातांवर पडला. तो गोलाकडं पोहायला लागला.

सुकाणूवर आता दुसरा होता. मी म्हणालो, "उजवीकडं, पूर्ण." त्यानं दळवीकडं पाहिलं.

दळवी म्हणाला, "मास्तर, पुढचं झाकण सैल आहे. आत्ता वळलो तर लाट अंगावर आडवी येईल. खाली कौलं आहेत, सरकली तर चौदा माणसं जातील." आणि यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून तो 'पूर्ण वेग पुढं' वर नेला. घंटा वाजली. खालून उत्तर आलं, दोनदा.

त्यांना काय ठाऊक दांड्यावर कुणाचा हात होता. खाली फक्त घंटा ऐकू जाते.

मी दांडा परत ओढायला हवा होता. सुकाणूवरच्याला बाजूला ढकलून चाक धरायला हवं होतं. बत्तीस वर्षं समुद्रावर काढली, हे हात पोळी भाजायला नव्हते. मी कठडा धरून उभा राहिलो. बोट दाखवणारं कुणी नव्हतं म्हणून मीच बोट दाखवत होतो, त्याच्याकडं, जहाज पुढं जात असताना.

बोट सोडली नाही. शोध केला नाही.

दळवीचं चुकलं असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, हेच वाईट. त्या समुद्रात वळलो असतो तर काय झालं असतं कोण सांगेल. पण पुढं जायचं तर ते मी म्हणायचं होतं आणि माझ्या तोंडून वहीत जायचं होतं. मी हुकूम दिला वळायचा आणि जहाज वळलं नाही. त्या घटकेपासून मी 'सुभद्रा'चा कप्तान नव्हतो. मुंबईपर्यंत नुसता प्रवासी.

२५ जून.

रात्रभर आकडे डोक्यात होते, सकाळी उतारा पुन्हा काढला. मैलांचा रकाना पाहिला. दुपारी तीनला १४८. चारला १५४॥. पाचला १६१.

दोनदा बोट फिरवलं. दर तासाला साडेसहा मैल, अगदी सारखे. सव्वा तास जहाज उभं राहून बोट सोडली असती तर चार ते पाच ह्या तासात तबकडी जेमतेम हलली असती. दळवीनं शेरा लिहिला आणि मैल पाटीवरचे तसेच उतरवले. हुशार माणूस, पण हात सवयीनं चालतो. वहीचा उजवा रकाना डाव्या रकान्याला खोटं पाडतोय आणि खाली माझी सही.

बंदर कचेरीत कुणी बारकाईनं पाहिलं तर कळेल. पाहतील असं वाटत नाही. एक सुकाणी गेला, पावसाच्या तोंडाशी दरसाल जातात. मी गप्प बसलो तर माझी मास्तरकी शाबूत आहे. जबानीत फक्त लिहायचं: वहीप्रमाणे.

जोशीबुवा दारावरून गेले. "वेळ सापडली का?" म्हटलं, शोधतोय. "अहो कप्तानसाहेब, एवढं जहाज चालवता, एक आकडा सापडेना?" माणूस खोचक आहे.

२६ जून.

अजून एक गोष्ट लिहिली नाही. कालपर्यंत वाटत होतं लिहिली. पाहिलं तर नाही.

झाकणावर धोंडिबा का गेला?

साडेतीनला पुढच्या मालखान्याच्या झाकणावरची ताडपत्री सुटायला लागली. कडेच्या लाकडी पाचरी दोन-तीन निघाल्या होत्या. एकदा ताडपत्री गेली की पाणी थेट खाली. कुणीतरी जाऊन पाचरी ठोकायला हव्या होत्या. मी सारंगाला म्हणालो, दोन माणसं पाठव. सारंग म्हणाला, "बघतो," आणि दळवीला शोधायला गेला. दळवी खाली होता. मी उभा. सगळे उभे.

तेव्हा मी धोंडिबाला हाक मारली. तो सुकाणूवर होता. सुकाणूवरच्या माणसाला झाकणावर पाठवत नाहीत, त्याचं ते काम नव्हे. पण मला त्या घटकेला एक माणूस हवा होता जो मी सांगितल्यावर कुणाकडं न बघता जाईल. बाकीच्यांना दिसायला हवं होतं की अजून माझा हुकूम चालतो.

तो गेला. चाक दुसऱ्याच्या हातात देताना मार्ग मोठ्यानं सांगितला, मला. आणि गेला. हातोडी घेऊन.

मी त्याला कमरेला दोर बांध म्हणालो नाही. घाई होती. कसली घाई? सारंग दळवीला घेऊन वर यायच्या आत काम झालेलं दिसावं, ही.

नंतर दळवीनं त्याच झाकणावर दोन माणसं पाठवली. दोघांच्या कमरेला दोर. पाचरी ठोकून परत आली.

बायकोला हे सांगितलं. भाकरी थापत होती, थांबली. पाठ माझ्याकडंच ठेवून म्हणाली, "गोदाक्काला म्या सांगू का तुमी सांगता?"

२८ जून.

गोदाच आली. दोन दिवस मी गेलो नाही म्हणून. ओसरीच्या खांबाला टेकून बसली, बायको आत. म्हणाली, "भाऊ, तुमच्या वहीत काय लिवलंय त्ये वाचून दावा."

वाचलं. बोट सोडली, सव्वा तास शोधलं, सगळं. मग कागद खाली ठेवला आणि म्हटलं, ह्यातलं हे खोटं आहे. आणि एकेक सांगत गेलो. कारवार, पारा, हुकूम, दोर, दांडा. रडलो नाही. रडायला नको होतं तिच्यासमोर.

शेवटी तिनं विचारलं, "तेनी हाका मारल्या का?"

"मारली."

"काय म्हून?"

हे कुणालाच सांगितलं नव्हतं. इथंही लिहिलं नव्हतं. जहाजावर आठ वर्षं त्यानं मला 'कप्तान'शिवाय हाक मारली नाही, बंदरावर दोघंच चहा पीत असलो तरी. पाण्यातून ओरडला तो "मारत्याऽऽ" म्हणून. ढोरं राखायचो तेव्हा ओढ्यापलीकडून ओरडायचा तसा.

गोदानं विचारलं, "तुमाला दिसना झाले तवा ते पवतच व्हते?"

"हो."

"बुडताना न्हाई पाह्यलं."

"नाही."

"मंग तितीचं मला काय इचारता? माझ्या सासऱ्याला सांगा तोंडानं. जोशाला सांगा. वहीत बघून नगं." उठताना पदर खोचला. "आन तुमाला माफी बिफी पायजे आसंल तर ती माझ्यापाशी न्हाई. लई राग हाय मला. तुमचा बी, आन तेंचा बी. सांगितलं तर कावून गेले? बगायचं न्हाई का, दोर न्हाई ते?"

बायको आतून पाणी घेऊन आली तोवर ती गेलती.

मला बरं वाटलं असं लिहिणार होतो. वाटलं नाही.

३० जून.

काल पारावर बैठक बसली. आबांनी पळसाची पानं आणवून ठेवली होती, मोजून, दोऱ्यात ओवलेली. जोशीबुवा, दोन-तीन जाणती माणसं. गोदा बायकांत मागं.

बुवांनी पंचांग उघडलं. "बोला. किती वाजता?"

तीन चाळीस म्हटलं असतं तर नवमी. संध्याकाळ म्हटलं असतं तर दशमी. एक शब्द बोलायचा होता. पानं तयार होती. आबांचं स्वप्न थांबलं असतं, कदाचित.

म्हणालो, "तीन चाळीसला पाण्यात पडला. मेला कधी ते मला माहीत नाही. आम्ही त्याला सोडून निघालो तेव्हा तो जिवंत होता, पोहत होता. मी मरताना पाहिलेलं नाही. तो माझ्या हुकुमानं झाकणावर गेला. त्याच्यासाठी जहाज थांबलं नाही."

कुणीतरी थुंकलं, माझ्याकडं नव्हे, पण थुंकलं. जोशीबुवांनी पंचांग हळूच मिटलं. एरवी खोचक माणूस, काल नव्हता. "मग साक्ष होत नाही. बारा वर्षं."

मला वाटलं आबा माझ्या अंगावर येतील. यावेत असंच वाटत होतं. ते पानांकडं बघत होते. मग म्हणाले, "मंजी जित्ता व्हता?"

"तेव्हा होता, आबा."

"काट किती लांब व्हता?"

"बारा मैल." म्हणायला नको होतं. पण त्यांनी विचारलं आणि खरं सांगायची मला नुकतीच सवय लागली होती.

आबांच्या तोंडावर काहीतरी आलं. तसं काही मी इथं आल्यापासून पाहिलं नव्हतं. "बारा मैल! मंजी शेवगावापरीस जवळच की रं! गोदावरीच्या पुरात ह्या काटाचा त्या काटाला जायाचं माझं पोरगं. तुझा त्यो गोल व्हता त्येच्यापाशी. कुनी कोळ्यानं काडला आसंल. आजारी पडलं आसंल कुटंतरी. बोली समजत नसंल त्येची."

मी म्हणालो, "आबा, तो समुद्र तसला नव्हता." त्यांनी ऐकलं नाही. एक जाणता म्हणाला, "आबा, आसं नगं धरून बसू." त्याचंही नाही. पानांची माळ त्यांनी झाडाच्या बुंध्याशी ठेवली, नीट, लागली तर असावी अशी, आणि उठून गेले.

१ जुलै.

जबानी लिहायला घेतली. मराठीत, माझ्या हातानं. पहिलं वाक्य: 'वहीतील २६ मेच्या नोंदी खऱ्या नाहीत.' पुढं मैलांचा रकाना लिहिला, पारा लिहिला. दोराचंही लिहिलं. तीन पानं झाली. मास्तरकी जाईल. दळवी म्हणेल घाटी खोटारडा आहे, चौदा माणसं त्याच्या बाजूनं बोलतील. कुणाचं खरं मानतील ते आज कळत नाही.

संध्याकाळी आबा. काठी टेकत, डोक्याला नवं मुंडासं. महिन्यात पहिल्यांदा जेवलेत असं गोदा मागाहून म्हणाली. "मारती, त्या काटाला कोंची कोंची गावं हायती?"

नावं सांगितली. आग्वाद, त्याच्या उत्तरेकडची कोळ्यांची गावं, वेंगुर्ल्यापर्यंत. कागदावर लिहून घेतली त्यांनी माझ्याकडून. वाचता येत नाही त्यांना, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

"तू येनार संगं. तुला तितली वाट ठाव हाय. म्या गाडी सांगितलीया. पेरनी बगंल कुनी बी."

आबा, तिथं काही मिळायचं नाही, असं म्हणायला तोंड उघडलं. दारात गोदा उभी होती. तिनं मान हलवली, नाही म्हणून. का ते कळलं नाही. म्हाताऱ्याला जाऊ द्या म्हणून, का मला फुटकळ बोलून सुटू द्यायचं नाही म्हणून. कपाळावर कुंकू होतंच.

"कधी निघायचं, आबा?" मी विचारलं.

"उंद्या दिस उगवायला. उशीर करू नगस."

ट्रंक बांधतो आहे.